सहा बाकं आणि एक खाडी

आमच्याकडे सिंधुदुर्गात जत्रेला दशावतार बघत वाढलेल्या माणसाला नेपथ्याचं फारसं कौतुक नसतं. मागे एक पडदा, समोर एक बाकडं, त्यावर टाकलेलं कापड, बस्स. त्याच बाकड्यावर इंद्राची सभा भरते, त्याच बाकड्यावर राक्षस पाय आपटतो. आमच्या शेजारचे एक काका ऐन उमेदीत दशावतारात राजा व्हायचे. सातवीच्या मुलांचं नाटक बसवायचं माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "बाकड्यार बसलो की राजा, उतारलो की शिपाय. आणखी काय होया?"

मला मात्र बरंच काही हवं होतं. मुलांनी रचलेल्या नाटकात एका आजीची शेळी हरवते आणि नातवंडं ती शोधत खाडीपलीकडच्या बाजारात जातात. म्हणजे आजीची पडवी, खाडीतली होडी आणि आठवड्याचा बाजार. गॅदरिंगच्या खर्चातून आमच्या वाट्याला हजार रुपये आले होते आणि वर्गातलं सामान वापरायची परवानगी होती, खिळा ठोकायची नव्हती.

मग मी वर्गातल्या बाकांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. आमची जुनी बाकं वेगळी आणि डेस्कं वेगळी आहेत, हे नशीब. नव्या वर्गांतली जोडबाकं उचलायला चार मुलं लागतात आणि ती उलटीपालटी करता येत नाहीत. जुनं बाक पाच फूट लांब, फळी फूटभर रुंद, उंची दीड फूट. लोखंडी पाय दोन्ही टोकांपासून वीतभर आत. ही वीतभराची गोष्ट मला पहिल्याच तालमीत कळली. शेळीला हाका मारायला नातू बाकाच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला, दुसरं टोक उचललं गेलं आणि आजीच्या मांडीत येऊन पडला. आजी सातवी 'ब' मधली असल्यामुळे निभावलं.

त्यानंतर उभं राहायचं असेल तिथे दोन बाकं एकमेकांना चिकटवून त्यांचे पाय काथ्याने आठाच्या आकड्यात बांधले. नायलॉनची दोरी लोखंडावरून घसरते, गाठ घट्ट दिसते पण दहा मिनिटांत सैल पडते. काथ्या खरखरीत, तो धरून ठेवतो. शिवाय फळीच्या टोकांना लाल टिकल्या लावल्या, त्यांच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. पायाखालच्या फळीवर कापड घालायचं नाही हेही ठरवून टाकलं. घासून गुळगुळीत झालेल्या फळीवर सुती कापड असं सरकतं की पाय ठेवणारा थेट पहिल्या रांगेत. कापड लोंबायचं ते फळीच्या पुढच्या कडेवरून, वरची कड आत दुमडून खालच्या पट्टीला नाड्याने बांधलेली.

पडवी तशी सोपी होती. फळ्यासमोरचा लाकडी चौथरा अर्ध्या फुटाचा असतो. तो पुढे पायरी म्हणून ठेवला, मागे बांधलेली बाकं. चौथऱ्याशिवाय दीड फूट एकदम चढायचं म्हणजे लुगडं नेसलेल्या आजीची फजितीच. चूल मी आधी सगळ्यात मागे, जमिनीवर मांडली होती. छान दिसत होती. मग अंगणात सतरंजीवर, जिथे बालवाडीची पोरं बसतात तिथे, स्वतः बसलो आणि चूल गायब! आमचा रंगमंच तीन फूट उंच. सतरंजीवर बसलेल्या पोराचे डोळे रंगमंचाच्या फळीपेक्षा निदान अर्धा फूट खालीच राहतात. पहिली रांग रंगमंचापासून तीन फुटांवर असेल, तर दहा फूट मागे ठेवलेल्या वस्तूचा खालचा निदान दीड फूट त्याला दिसतच नाही. म्हणजे मागच्या बाजूला जमिनीवर काही ठेवणं हे फक्त मुख्याध्यापकांसाठी, कारण ते खुर्चीत बसतात. चूल उचलून बाकावर गेली. तेव्हापासून मागे जे काही असेल ते बाकाच्या उंचीवर आणि जमिनीवर बसणारे सगळे पुढे, असाच बेत राहिला.

कापडाची गोष्ट मात्र जरा निवांत सांगायला हवी. मागचा पडदा अठरा फुटांचा हवा होता. पडदा ताणून बांधला तर तो चादरीसारखा दिसतो आणि प्रत्येक सुरकुतीला वेगळी सावली पडते. त्याला चुण्या हव्यात, म्हणून रुंदीच्या दीडपट कापड धरायचं. अठराची दीडपट सत्तावीस. हा हिशेब मी घरी मोठ्याने करत होतो, तेव्हा आई आतून म्हणाली, "अरे, सत्तावीस फूट म्हणजे नऊ वार." नऊ वार म्हणजे एक लुगडं. तिच्या ट्रंकेत आजीची दोन सुती लुगडी होती, एक गर्द निळं, एक विटून आभाळाच्या रंगाला आलेलं. लुगड्याचा पन्हा पावणेचार फूट. दोन लुगडी आडवी, एकाखाली एक जोडली की साडेसात फुटांचा पडदा. खाली निळं, वर विटकं, लांब धावदोऱ्याचे टाके, म्हणजे नंतर उसवता येतील. वरची कड आठ इंचांच्या अंतराने चिमटीत धरत सुतळीवर पिना लावल्या.

जोड आला साधारण छातीच्या उंचीला. तो लपवायचा कसा या विवंचनेत मी मागे जाऊन उभा राहिलो, तर निळ्या लुगड्याचा वरचा काठ आणि विटक्याचा खालचा काठ मिळून एक काळपट पट्टी झाली होती. खाडीच्या पलीकडचा किनारा जसा दिसतो, अगदी तशी. मी काही केलं नव्हतं. पण पालकांनी विचारलं तेव्हा केल्यासारखं सांगितलं.

होडीसाठी बारा मीटर मांजरपाट आणलं, हजारातले बहुतेक पैसे तिथेच गेले. पांढरंच वापरलं असतं तर हॅलोजनच्या उजेडात ते एवढं चमकलं असतं की मुलांचे चेहरे त्यापुढे काळे पडले असते. म्हणून गेरूच्या पाण्यात बुडवलं. पहिला तुकडा न धुता बुडवला, तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला आणि वाळल्यावर हाताला येऊ लागला. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती गरम पाण्यात रात्रभर भिजवून काढल्याशिवाय रंग आत शिरत नाही. शिवाय पहिल्या धुण्यात कापड आटतं, त्यामुळे मापं धुतल्यानंतरच घ्यायची. गेरूत थोडी डिंकाची पेज घातली, तेव्हा रंग झटकला तरी फारसा उडेना.

होडी म्हणजे आडवं पाडलेलं एक बाक. फूटभराची फळी प्रेक्षकांकडे, पाय मागे, त्यामुळे ते पडायचा प्रश्न नाही. त्याच्यामागे दुसरं बाक सरळ, त्यावर तिघं बसलेले. गेरूचं कापड फळीवरून गुंडाळून एक टोक पुढच्या खुर्चीच्या पाठीला वर बांधलं, की नाळ, म्हणजे होडीचं वर उचललेलं टोक, आपोआप तयार होते. खराट्याची काठी झाली वल्हं. मुलांना बाक खरंच हलवायचं होतं. हलवून पाहिलं तर होडी नाही, भूकंप वाटला. मग बाक स्थिर ठेवून तिघांनी एकदम, एकाच बाजूला, मोजून चारांत झुकायचं असं केलं. प्रयोगात मागून कुणीतरी "अरे, बुडतील" म्हणालं, ती आमची सगळ्यात मोठी दाद.

बाजाराचं फार सांगण्यासारखं नाही. तीन डेस्कं, त्यांवर घराघरांतून आलेल्या ओढण्या, भाजी खरी.

देखावा बदलायला पहिल्या तालमीत चार मिनिटं लागली, त्यात निम्मा वेळ बाकं सरकवल्याचा किंचाळणारा आवाज. शिपाईमामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पायांत चढवले, आवाज बंद झाला. बाकांच्या जागा खडूने आखल्या होत्या, त्या पायांनी पुसल्या गेल्या, म्हणून तिथेही टिकल्या आल्या, पडवीच्या लाल, होडीच्या हिरव्या, बाजाराच्या पिवळ्या. आमच्या रंगमंचाला दर्शनी पडदा नाही. तेव्हा दोन उंच मुलींनी लग्नातल्या अंतरपाटासारखी एक चादर समोर धरायची, मागे चौघांनी बाकं हलवायची. चाळीस सेकंदांत काम व्हायला लागलं. एकीला 'शुभमंगल सावधान' म्हणायची हुक्की यायची, तेवढी आवरावी लागली.

घोटाळा झाला तो रंगीत तालमीच्या संध्याकाळी. पाचवीची पोरं करुण प्रसंगात खो खो हसायला लागली. मी पुढे जाऊन बघितलं, तर लुगड्याच्या आभाळात एक पोरगा धोतर सोडत होता. पडद्यामागे कपडे बदलायला एक बल्ब लावला होता. विरलेलं सुती कापड समोरून उजेड पडला की भिंतीसारखं दिसतं, पण मागचा उजेड जास्त झाला की त्याच्यातून सगळं आरपार. बल्ब काढून विंगेत नेला, कपडे बदलायला वर्गात पाठवलं.

पण ते दृश्य काही डोक्यातून जाईना. शेवटी शेळी सापडते, आणि शेळी आणायची कुठून हा प्रश्न तसाच होता. खरी शेळी मुख्याध्यापकांनी नाकारली होती. मग तोच बल्ब परत मागे आणला, शेवटापुरता. पुठ्ठ्याची वीतभर शेळी कापली, समोरचे हॅलोजन बंद केले. पुठ्ठा पडद्याला टेकवला तर शेळी वीतभरच, बल्बकडे नेत गेलं की वाढत वाढत माणसाएवढी होते. आधी ट्यूबलाइट लावून बघितली, तिच्यात कडा फिसकटून शेळीची म्हैस झाली. बारीक, एकटा बल्बच हवा. प्रयोगाला किनाऱ्याच्या काठावरून ती शेळी हळूहळू मोठी होत आली आणि बालवाडीतलं एक पोर उठून उभं राहिलं.

वाऱ्याने मध्येच एकदा दगा दिला. मोकळ्या अंगणात अठरा फुटांचं कापड म्हणजे शीडच. पडद्याच्या खालच्या कडेला खडे बांधले होते, ते पुरले नाहीत आणि आभाळ फुगून आजीच्या डोक्यावर आलं. आजीने ते शांतपणे मागे सारलं आणि म्हणाली, "पाऊस येतलो वाटता." हे वाक्य नाटकात नव्हतं.

सोमवारी बाकं वर्गात परत गेली. टाके उसवून, धुऊन लुगडी आईच्या ट्रंकेत. पायांतल्या ट्यूबा काढायच्या राहिल्या. आता माझ्या तासाला मागची मुलं बाकासकट खिडकीपर्यंत सरकतात, आणि मला आवाजच येत नाही.