निराधार

"मूळ अरबी समोर असताना मधल्या फारसी-उर्दूत कशाला वेळ घालवता? सरळ मराठीत आणा की!"

एकदाच सांगतो, आणि थोडं चिडूनच सांगतो. 'मधलं' म्हणजे काय, ते आधी बघा. शाह वलीउल्लाहांनी दिल्लीत कुरआनाचा फारसी तर्जुमा केला, 'फतहुर्रहमान', 1738 मध्ये. कुणासाठी, तेही प्रस्तावनेत लिहून ठेवलं : कारागिरांच्या आणि शिपायांच्या मुलांसाठी, ज्यांची अरबी कधी पुरी होणार नाही त्यांच्यासाठी. म्हणजे तेव्हा फारसी ही सोपी भाषा होती! पुढे 52 वर्षांत ती इतकी अवघड झाली की त्यांच्याच मुलाला, शाह अब्दुल कादिरांना, पुन्हा बसावं लागलं. त्यांच्या तर्जुम्याचं नाव 'मूजिह-ए-कुरआन'. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला एक ठरलेला आकडा असतो, त्या पद्धतीने अक्षरांची किंमत मांडा : 'मूजिह'चे 854, 'कुरआन'चे 351. बेरीज 1205, तेच हिजरी साल, म्हणजे 1790. हे नाव मी पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा दिवसभर खुशीत होतो.

अब्दुल कादिरांनी लिहून ठेवलंय की ही रेख्त्याची, म्हणजे शायरीतल्या फारसीभरल्या उर्दूची भाषा नाही, चालती हिंदी आहे, लोकांना सहज कळावी म्हणून. शब्दाला शब्दही ठेवलेला नाही, कारण हिंदीची वाक्यरचना अरबीहून फार लांबची. त्यांचे भाऊ शाह रफीउद्दीन यांनी नेमकं उलटं केलं, प्रत्येक अरबी शब्दाखाली एक शब्द. एकाच घरात दोन रस्ते. मी अब्दुल कादिरांच्या बाजूचा. होतो, म्हणा.

आता ज्यामुळे हे सगळं लिहितोय ती गोष्ट. कुरआनाची 112 वी सूरा, म्हणजे अध्याय, चार ओळींची, दुसऱ्या ओळीत 'समद'. अरबीत या शब्दाला दोन अंगं आहेत : ज्याला कुणाची गरज नाही, आणि गरज पडली की सगळे ज्याच्याकडे जातात. शाह अब्दुल कादिरांनी लिहिलं, "अल्लाह निराधार है." जुन्या छापील प्रतीत तो शब्द वाचला आणि मला हर्ष झाला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या दिल्लीतल्या मौलवीच्या लेखणीतून आपला शब्द! मोहल्ल्यासाठी छोट्या सूरांची मराठी पुस्तिका करत होतो, तिच्यात तो जसाच्या तसा ठेवला. वडील म्हणाले, "बघ रे एकदा." मी त्यांना अब्दुल कादिरांचं नाव ऐकवून गप्प केलं.

500 प्रती छापल्या. जुम्याच्या नमाजनंतर वाटत होतो. शेजारच्या खाला प्रत घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. पुस्तिका उघडी, बोट त्या ओळीवर. खालांना निराधार योजनेचे पैसे मिळतात. दरवर्षी हयातीचा दाखला घेऊन तहसीलला हेलपाटे असतात. म्हणाल्या, "बेटा, अल्लाहमियाँचा पण अर्ज भरायचा का रे?" थट्टा नव्हती. त्यांना खरंच कळेना. आजूबाजूचे दोघे हसले आणि वडील हळूच चपला शोधायला लागले. त्यांनी त्या दिवशी मला एक शब्द सुनावला नाही, तेच जास्त लागलं.

रात्री घरी पट्ट्या कापल्या. खळ केली, घरातले चौघं बसलो, 500 प्रतींवर एक एक पट्टी.

तुम्ही म्हणाल, बघा, उर्दूतून आणलं म्हणूनच घसरलात. अर्धं खरं आहे. अरबीतून सरळ आलो असतो तर 'निराधार' सुचलाच नसता. पण मी मधलं वाचलं म्हणून घसरलो नाही, अर्धंच वाचलं म्हणून घसरलो. पुढचा टप्पा तिथेच होता : मौलाना महमूद हसन यांनी अब्दुल कादिरांचाच तर्जुमा जुने झालेले शब्द बदलून पुन्हा लिहिला, माल्टाच्या कैदेत 1918 मध्ये पुरा केला, आणि तिथे 'निराधार' काढून 'बेनियाज' घातला, म्हणजे ज्याला कशाची गरज नाही असा. फारसी शब्द! म्हणजे बापाच्या फारसीतून मुलगा हिंदीत आला, आणि सव्वाशे वर्षांनी त्या हिंदीवर फारसी शब्दाची पट्टी लागली. माझ्यासारखीच.

तरीही तेव्हाच्या मला पूर्ण चूक म्हणवत नाही. 'ज्याला आधार लागत नाही' हा अर्थ त्या शब्दात आहेच. 'ज्याला आधार उरला नाही' हा अर्थ मराठीत त्याच्यावर चढून बसला, आणि सरकारी अर्जाने तो पक्का केला. 'निरपेक्ष' लिहावं तर लगेच त्याच्याआधी 'धर्म' आठवतो, त्याला काय करता?

पट्टीवर शेवटी लिहिलं : "कुणाच्याही आधाराची गरज नसलेला". 'सगळे ज्याच्याकडे जातात' हे दुसरं अंग तेवढ्या जागेत मावलं नाही. ते 'बेनियाज'मध्येही नाही.