ऑफर हातात आल्यावर तिने एकदाच मागितलं

मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, ऑफिस अंधेरी एमआयडीसीत. ऑफर दिल्यावर पलीकडून "मॅडम अजून थोडं वाढेल का" हे ऐकायचं काम माझं. बहुतेक लोक हे इतकं वाईट मागतात ना, की माझी द्यायची इच्छा असूनही देता येत नाही. जुलैअखेरीला एक मुलगी आली, टेस्टिंग लीडच्या जागेसाठी, राहते डोंबिवलीला, सध्याचं काम ऐरोलीला. तिची केस अजून डोक्यातून जात नाहीये.

गुरुवारी संध्याकाळी फोनवर ऑफर सांगितली, सीटीसी १४ लाख. यावर लोक एकतर लगेच हो म्हणतात नाहीतर लगेच १६ म्हणतात. ती म्हणाली, "थँक्यू मॅडम, मला आनंद झाला, पगाराचा ब्रेकअप मेल कराल का? बघून उद्या चार वाजता मी फोन करते." बस. आकडा नाही, हो नाही, नाही नाही.

ब्रेकअप मागणं यासाठी महत्त्वाचं की १४ लाख भागिले बारा म्हणजे १,१६,००० असं धरून लोक घरी सांगून मोकळे होतात. आमच्याकडे त्या १४ मध्ये १,४०,००० व्हेरिएबल, बेसिक ५,६०,००० धरून कंपनीचा पीएफ त्याच्या १२ टक्के म्हणजे ६७,२०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे जवळपास २७ हजार, जी मिळायला तुम्हाला पाच वर्षं टिकावं लागतं. हे सगळं काढलं की महिन्याला उरतात साधारण ९७ हजार, आणि त्यातून स्वतःचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि इन्कम टॅक्स जायचाय अजून.

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला फोन. पहिला प्रश्न, "गेल्या वर्षी टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं?" ८० टक्के, मी खरं सांगितलं. मग म्हणाली, "मला इथे यायचंय. पण तिसऱ्या राउंडला सरांनी सांगितलं की रिलीजच्या रात्रीची जबाबदारी आणि मोबाईलची तीन जणांची टीमही माझ्याकडे असेल. जाहिरातीत ते नव्हतं. ते धरून फिक्स्ड १४ झालं तर मी आज हो म्हणते." आणि गप्प बसली. पुढे काही बोलली नाही. बाकीचे इथेच घोळ घालतात, आकडा सांगून लगेच स्वतःच "म्हणजे १३ झालं तरी चालेल" म्हणून मोकळे होतात, मी तोंड उघडायच्या आधी!

बाहेरच्यांना माहीत नसतं ते सांगते. पगार मी ठरवत नाही. फिक्स्डवर ५ टक्क्यांपर्यंत मला मोकळीक, त्यापुढे डिपार्टमेंट हेड आणि कॉम्पेन्सेशनवाल्या बाईंना मेल जातो, आणि त्या मेलमध्ये कारणाची एक ओळ लागते. होमलोन आहे, डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो, प्रवास वाढतोय, मुलाची शाळा, ही सगळी कारणं खरी असतात हो, पण त्या ओळीत बसत नाहीत, कारण वरचा माणूस कामाचे पैसे देतो, घरखर्चाचे नाही. "काम जाहिरातीपेक्षा मोठं आहे" ही ओळ मी जशीच्या तशी चिकटवली. तिने माझं अर्धं काम करून दिलं होतं.

वेळही नेमकी साधली तिने. लेटर अजून पोर्टलवर चढलं नव्हतं. तोपर्यंत आकडा बदलणं म्हणजे एक मेल. एकदा लेटर सुटलं की ते रद्द करा, नवीन रिक्वेस्ट टाका, पहिल्यापासून सगळ्यांचे अप्रूव्हल घ्या, आणि मग प्रत्येक जण विचारतो "हा कॅंडिडेट आत्ता का मागतोय?" (आमचं पोर्टल कोणी बनवलंय देव जाणे, रद्द करायचं बटणच तीन मेनूंच्या आत आहे.)

फिक्स्ड आम्ही १२.६ लाख दिलं होतं, या जागेचा पगाराचा बँड ११.५ ते १४.५. म्हणजे १४ बँडमध्ये होतं. पण हेडकडून उत्तर आलं १३.४, कारण त्याच टीममध्ये एक जण आहे, तिच्यापेक्षा जास्त अनुभव, सहा वर्षं इथेच, आणि त्याचं फिक्स्ड १३.१. बँड कागदावर कितीही वर जाऊ दे, खरी अडचण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या पगाराची असते. वर ६०,००० जॉइनिंग बोनस, एका वर्षात सोडलं तर परत.

मी सोमवारी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "फिक्स्डमध्ये अजून बोलायला जागा आहे, की हे शेवटचं?" मी म्हटलं फिक्स्ड इथे थांबलं. "विचारून सांगते" वरून आम्ही "एवढंच आहे" वर आलो, आणि पगाराऐवजी एकरकमी बोनस पुढे करायला लागलो, की समजायचं वरची दारं बंद झाली. त्याच आठवड्यात दुसऱ्या जागेवरच्या एका मुलाला हे कळलं नाही. त्याने लेटरवर सही केली, मग दुसऱ्या कंपनीची ऑफर दाखवली, आम्ही वाढवलं, चार दिवसांनी परत आला. हेडने माझ्याकडे बघून "सोड त्याला" म्हटलं. पैशाचा प्रश्न नव्हता, हा माणूस नोटीस पिरियडभर आपल्याला नाचवणार अशी खात्री झाली होती सगळ्यांची.

तिने फिक्स्ड सोडलं आणि वेगळंच काढलं. "माझा नोटीस पिरियड ९० दिवस, म्हणजे मी नोव्हेंबरला येणार. तुमच्याकडे ३० सप्टेंबरनंतर आलेल्यांना एप्रिलची वाढ मिळत नाही ना? मला प्रो-राटा मिळेल असं लेटरमध्ये लिहून द्याल?" हे तिला कुठून कळलं माहीत नाही. समजा ८ टक्के वाढ धरली तर पाच महिन्यांच्या हिशोबाने वर्षाला साधारण ४५ हजार. जॉइनिंग बोनसपेक्षा कमी दिसतं, पण बोनस एकदाच, हे पगारात मुरतं आणि पुढची प्रत्येक वाढ त्याच्यावर. आणि आमच्या बाजूने या वर्षाच्या बजेटला धक्का नाही, म्हणून हेडने दहा मिनिटांत ओके केलं. तोंडी नको, लेटरमध्येच हवं हा आग्रह मात्र तिने सोडला नाही, आणि बरोबर होतं, एप्रिलपर्यंत मी इथे असेन याची मलाच गॅरंटी नाही. सुधारित लेटर हातात येईपर्यंत तिने राजीनामाही टाकला नव्हता. आलं, त्याच रात्री सही केली, आणि त्यानंतर एक रुपयाही मागितला नाही.

माझ्या डोक्यात घोळतंय ते त्या १३.१ वाल्याचं. रोज कॅंटीनमध्ये भेटतो, "काय मॅडम, नवीन लीड कधी येतेय" विचारतो. तिचं फिक्स्ड त्याच्यापेक्षा ३० हजारांनी जास्त आहे, आणि त्याचा आकडा पुढे करूनच आम्ही तिला १३.४ वर अडवलं. हेडला म्हटलं याचं काय, तर म्हणे, "त्याने कधी मागितलंय?" आता आत असलेल्या माणसाने कुठे मागायचं, त्याच्याकडे ना ऑफर ना ब्रेकअप ना तीन दिवसांची मुदत. मी करेक्शनची रिक्वेस्ट टाकलीय त्याच्या नावाने, कारणाच्या ओळीत "नवीन नेमणुकीमुळे टीममध्ये तफावत" असं लिहून. फायनान्सचं उत्तर आलंय, एप्रिलमध्ये बघू.