परमिशन दिली, तरी बॅकअप का अडतो?

"दादा, मॅकचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर सारखा फेल होतोय. परमिशन देऊन झाली, डिस्कवर जागाही दिसते. मग अडतं कुठं?"

परमिशनला शेवटी हात लावा. सीताबर्डीवरच्या एका फोटोग्राफर मित्राने नेमका तिथूनच सुरुवात केली अन् आठवडा घालवला.

त्याची 1 टीबीची डिस्क आधी विंडोजवर चालायची. मॅकला लावली तर फाइल पडेना. डिस्क निवडून `Get Info` उघडलं, तर खाली `You can only read` लिहिलेलं. त्याला वाटलं, परवानगीच नाही. खरं तर डिस्क `NTFS`, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमध्ये होती. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. तिथं परमिशन कितीही बदला, काही होत नाही. मग कोणीतरी त्याला ती `ExFAT` करून दिली. फाइली ओढून टाकता येऊ लागल्या, पण मॅकचं स्वतःचं बॅकअपचं साधन, टाइम मशीन, `ExFAT` वर बॅकअप घेतच नाही, ते डिस्क पुसायची परवानगी मागतं.

डिस्कवरचा माल दुसरीकडे हलवून आम्ही डिस्क युटिलिटीत `View` मधून `Show All Devices` निवडलं. व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरचा एखादा भाग नाही, सगळ्यात वरची अख्खी डिस्क धरून `Erase` केली, स्कीम `GUID Partition Map`, फॉरमॅट `APFS`. बिग सर अन् त्यापुढच्या मॅकओएसवर टाइम मशीनला हाच फॉरमॅट सगळ्यात बरा. पहिला बॅकअप रात्रभर चालून नीट झाला.

महिन्याभराने पुन्हा फोन, "जागा नाही म्हणते रे!"

मधल्या काळात त्याने त्याच डिस्कवर लग्नांच्या व्हिडिओंसाठी दुसरा व्हॉल्यूम केला होता. त्यात 560 जीबी भरलेले, बॅकअपचे 380. दोन्ही व्हॉल्यूमसमोर 60 जीबी मोकळे दिसत होते, म्हणून त्याने 120 धरले. पण `APFS` मध्ये एका कंटेनरचे, म्हणजे एकाच सामायिक जागेतले, व्हॉल्यूम एकाच मोकळ्या जागेतून घेतात. ते 60 एकदाच होते. अन् नुकतंच दोन दिवसांच्या एका लग्नाचं 90 जीबी शूटिंग मॅकवर उतरलं होतं. जागा कमी पडली की टाइम मशीन स्वतःचे जुने बॅकअप काढतं, शेजारच्या व्हॉल्यूमला मात्र हात लावत नाही. त्याच्याकडे काढण्यासारखं जुनं फारसं नव्हतंच.

म्हणून मी आग्रहानं सांगतो, बॅकअपची डिस्क फक्त बॅकअपला ठेवा, अन् मॅकच्या स्टोरेजच्या निदान दुप्पट घ्या. त्याचा मॅक 512 जीबीचा, म्हणजे 1 टीबी पुरेशी होती, एकट्या बॅकअपसाठी.

व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर नेले, चारपाच उघडून पाहिले, मगच तो व्हॉल्यूम काढला. बॅकअप त्याच संध्याकाळी पूर्ण झाला. मी त्याला टाइम मशीनमधून आदल्या महिन्याचा एक फोटो परत काढायला लावला, अन् तो उघडल्यावरच मी गाडीला किक मारली.