कादंबरी घरी, कोश कपाटात

आमच्या वाचनालयाचा नियम असा होता की कादंबरी घरी न्यायची परवानगी, शब्दकोशाला नाही. कोश म्हणे संदर्भग्रंथ. संदर्भ विभाग म्हणजे ग्रंथपालांच्या खुर्चीमागचं काचेचं कपाट, आणि किल्ली त्यांच्या खिशात. आता ज्या बाईला इंग्रजी कादंबरी कोश घेऊन वाचायची आहे तिने काय करायचं? विचारलं तर म्हणाले, "काकू, अडलेले शब्द कागदावर लिहून आणा आणि इथे बसून बघा."

साल 2004. हे जाऊन वर्ष होत आलं होतं. इंग्रजी रहस्यकथांचं एक खोकं ह्यांनी मागे ठेवलं होतं, रात्रपाळीला डब्याबरोबर त्यातलंच एखादं पुस्तक पिशवीत असायचं. मुलगा म्हणाला, रद्दीत टाकू. मी टाकू दिलं नाही, कारण तीस वर्षं हा माणूस त्यात काय बघत होता ते मला बघायचं होतं. माझी दहावी मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. अक्षर लावता यायचं, वाक्य लावता यायचं नाही.

रद्दीवाल्याकडून खिशातला छोटा इंग्रजी-मराठी कोश आणला. (घेताना शेवटची पानं आहेत का ते बघा. माझ्या कोशात नव्हती, आणि पुढचा सगळा ताप त्यातूनच झाला.) पहिलंच प्रकरण. एक माणूस संध्याकाळी भावाच्या घरी जातो आणि पुढे वाक्य येतं, 'ही सॉ हिज ब्रदर इन द लायब्ररी.' कोशात 'सॉ' काढला. अर्थ: करवत, करवतीने कापणे. मी पुस्तक मिटलं आणि दार लावून घेतलं. रहस्यकथाच ती, कापलं असेल भावाला! पण पुढच्या पानावर तोच भाऊ चहा पीत बसलेला.

असं दर पानाला व्हायचं. 'लेफ्ट' काढला तर डावा. 'ही लेफ्ट द हाऊस' म्हणजे घराच्या डावीकडे काय? 'फेल' म्हणजे झाड तोडणे, आणि इथे तर म्हातारी जिन्यात फेल झालेली. 'फाउंड' म्हणजे स्थापना करणे. बाईने किल्ली फाउंड केली, म्हणजे नवरात्रात घट बसवतात तशी किल्लीची स्थापना केली असणार. 'वेंट' आणि 'केम' तर माझ्या कोशात सापडतच नव्हते, आणि कादंबरीत ते ओळीआड. मला वाटलं, ह्या लेखकाने मुद्दाम अवघड शब्द वापरलेत. उलट होतं. जे शब्द अडत होते ते सगळ्यात साधे होते.

कोडं असं आहे. शाळेच्या पुस्तकात 'राम गोज टू स्कूल' असतं, वर्तमानकाळ. कादंबरी मात्र घडून गेलेली गोष्ट सांगते, म्हणून तिथे जवळजवळ प्रत्येक क्रियापद भूतकाळात येतं. आणि कोश क्रियापद ठेवतो मूळ रूपाखाली: जाणे 'गो' खाली, पाहणे 'सी' खाली. नियमाने चालणाऱ्यांचं भागतं. 'वॉक्ड'चं शेपूट काढलं की 'वॉक' सापडतो. पण इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी क्रियापदंच नियम पाळत नाहीत. जाणे, येणे, पाहणे, म्हणणे, घेणे, देणे, करणे, सगळी वाकडी. 'वेंट' बघून 'गो' कोणाला सुचेल? छोट्या कोशात त्यांना वेगळी जागा नसते. ती सगळी शेवटच्या पानांवर एका तक्त्यात असतात, तीन रकाने, दीडदोनशे क्रियापदं. माझ्या कोशाची तीच पानं गेलेली.

हे कळलं तेही वाचनालयातल्या मोठ्या कोशामुळे, अगदी योगायोगाने. मी कागदावर नुसते शब्द लिहून न्यायचे आणि तिथे बसले की आठवायचंच नाही की हा 'लेफ्ट' कुठल्या वाक्यातला. म्हणून सांगते, शब्द कधी एकटा उतरवू नका, अख्खं वाक्य उतरवा. तर एकदा कोश मिटताना मागचं पान उघडलं आणि समोर तक्ता. सी, सॉ, सीन. गो, वेंट, गॉन. मी तिथल्या तिथे मोठ्याने "अगं बाई!" म्हटलं आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या चारही म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

ती तीन-चार पानं हवी होती. झेरॉक्सचं दुकान समोर, रस्त्यापलीकडे. ग्रंथपाल म्हणाले, "संदर्भग्रंथ इमारतीबाहेर जात नाही." तुम्ही बरोबर चला, म्हटलं. "मग इथे कोण बसणार?" ओळखपत्र ठेवते, हातातली बांगडी ठेवते, म्हटलं. "काकू, नियम आहे." मोबाईलला तेव्हा आमच्याकडे कॅमेरा नव्हता. मग वही काढली आणि लिहायला बसले. बाराला ते कपाट लावून जेवायला जायचे, चारला उघडायचे, आणि दर वेळी मला पुन्हा नोंदवहीत सही करून कोश मागायला लागायचा. मी 'बी'मध्ये असताना एकदा विचारलं, "अजून झालं नाही का?" तुमचं जेवण झालं की होईल, असं तोंडावर आलं होतं.

पण हाताने लिहिल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत भरली, जी झेरॉक्समध्ये कदाचित भरली नसती. ही वाकडी क्रियापदं गटागटाने वाकतात. सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक एका वळणाची. ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, बाय-बॉट, कॅच-कॉट, टीच-टॉट दुसऱ्या. पुट, कट, हिट अजिबात बदलत नाहीत. अक्षरानुक्रम सोडून मी गटांनुसार नवा कागद केला आणि ओट्यासमोर चिकटवला. पोळ्या लाटताना पाठ झाला.

तिसऱ्या रकान्याची गंमत त्याच कादंबरीने शिकवली. 'ही लेफ्ट' आणि 'ही हॅड लेफ्ट' हे मी सारखंच वाचत होते. साक्षीत नोकर म्हणतो, मी आत आलो तेव्हा साहेब 'हॅड लेफ्ट'. म्हणजे निघाले नव्हे, त्याआधीच निघून गेले होते. मग मालकीणबाई म्हणते की नोकर आल्यावर तिने साहेबांना दारापर्यंत सोडलं, ते खोटं. गुप्तहेराच्या दोन प्रकरणं आधी मी खुनी धरला. पुस्तकाच्या मागे पेन्सिलीत ह्यांनी एक नाव लिहून ठेवलं होतं, बहुतेक वाचताना केलेला अंदाज. तो चुकलेला होता.

पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं असं बायका विचारतात. मधलं एखादं पान उघडा. त्यावर साधारण तीनशे शब्द असतात, त्यातले पाचाहून जास्त अडले तर ठेवून द्या. शंभर वर्षांपूर्वीची जाडजूड कादंबरी तर मुळीच नको. संवाद भरपूर असलेली, थोडक्या माणसांची रहस्यकथा बरी, कारण पुढे काय झालं ह्या ओढीने माणूस कोशाचा कंटाळा सोसतो. आणि प्रत्येक शब्द बघू नका. पडद्याचा रंग कळला नाही म्हणून खून अडत नाही. क्रियापद मात्र सोडायचं नाही.

दोन शब्दांची क्रियापदं मला अजून छळतात. 'टेक' म्हणजे घेणे, 'आफ्टर' म्हणजे नंतर, म्हणून मुलगा 'टुक आफ्टर हिज फादर' वाचलं आणि बापामागे इस्टेट घेतली असं समजून मृत्युपत्राची वाट बघत बसले. तो बापासारखा दिसत होता, एवढंच. हे 'टेक'च्या नोंदीत अगदी तळाला असतं, तिथपर्यंत वाचत जावं लागतं.

वाचनालयाच्या वार्षिक सभेत मी अर्ज दिला होता की नवी आवृत्ती आली की जुना कोश अनामत घेऊन घरी द्यावा. पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. ग्रंथपाल बदलले, अर्ज तिथेच आहे.