स्वप्नच पडलं नाही

"तीन रात्री इस्तिखारा केला, पण स्वप्नच पडलं नाही. आता होकार कळवू की नकार?" धाकट्या बहिणीचा आज सकाळी फोन आला. दुसऱ्या शहरातली नोकरी आहे आणि उत्तर परवापर्यंत द्यायचंय. आवाज अगदी रडवेला.

मी म्हटलं, इस्तिखारा म्हणजे निर्णयाआधी अल्लाहकडे भलं मागायची नमाज आणि दुआ. त्या दुआत स्वप्न कुठे आहे, सांग बरं?

मग फोनवरच आम्ही दोघींनी दुआ सावकाश वाचली. हजरत जाबिर यांनी सांगितलेली, बुखारीच्या हदीसमधली. फर्ज सोडून दोन रकात नमाज, आणि मग ही दुआ: या अल्लाह, हे काम माझ्या दीनसाठी, जगण्यासाठी आणि शेवटासाठी चांगलं असेल तर ते माझ्या नशिबी लिही, सोपं कर, त्यात बरकत दे. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मलाही त्यापासून दूर कर.

या शेवटच्या शब्दांवर ती थांबली. नुसती नोकरी दूर गेली आणि मन तिथेच अडकून राहिलं, तर काय उपयोग? म्हणून पुढे मागणं येतं: भलं जिथे असेल तिथे ते माझ्या नशिबी लिही आणि मला त्यात राजी ठेव.

पूर्ण दुआत स्वप्नाचा किंवा त्यात दिसणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या रंगाचा एक शब्द नाही. पगार, घरभाडं, अम्मीची तब्येत यांचा विचार, जाणत्यांचा सल्ला, मग इस्तिखारा, आणि मन वळेल तिकडे पाऊल. वाट मोकळी होत गेली तर ठीक, बंद झाली तर तेही उत्तरच.

संध्याकाळी तिने होकार कळवला. उद्या तिकडून नकार आला, तर इस्तिखारा फसला असं म्हणशील का, मी विचारलं. ती बराच वेळ गप्प होती.

तुम्ही काय म्हणाला असता?