जपानचा प्रवास, रोमिंगचं बिल आणि साडेतीन तासांचा वाद

क्योतो-टोकियोबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून फिरण्याचा भाग थोडक्यात सांगते. हानेदा विमानतळावर संध्याकाळी उतरलो आणि फोनने तिथलं नेटवर्क पकडताच दहा दिवसांचा रोमिंग पॅक सुरू झाल्याचा मेसेज आला. इंटरनेट सगळीकडे उत्तम चाललं. शेवटच्या दिवशी दुपारी शिंकानसेनने क्योतोहून टोकियो गाठलं आणि तिथून विमानतळ. पॅक संपल्याचा मेसेज आला तेव्हा आम्ही चेक-इनच्या रांगेत होतो. दहाएक मिनिटांत डेटा बंद केला.

पुढचं पोस्टपेड बिल आलं ते नेहमीच्या कितीतरी पट. 'पॅकबाहेरील आंतरराष्ट्रीय डेटा' या एकाच नावाखाली सगळी रक्कम होती.

अशा वेळी पहिला हात जातो कस्टमर केअरच्या नंबरवर, आणि तिथे 'सिस्टीममध्ये वापर दिसतोय, मॅडम' याच्या पलीकडे काही हाती लागत नाही. वापर झालाच होता, तो मी नाकारत नव्हते. प्रश्न होता तो पॅकच्या आत झाला की बाहेर. त्याचं उत्तर बिलाच्या पहिल्या पानावर नसतं. तपशीलवार बिल मागावं लागतं, ज्यात प्रत्येक डेटा सेशनची वेगळी ओळ असते: तारीख, सुरू झाल्याची वेळ, कालावधी, एमबी, आकारलेली रक्कम आणि परदेशी नेटवर्कचं नाव किंवा पाच अक्षरी कोड. त्या कोडची पहिली तीन अक्षरं देशाची असतात. आमच्या सगळ्या ओळी JPN ने सुरू होत होत्या, म्हणजे दुसऱ्याच देशाचं किंवा विमानातलं महागडं नेटवर्क फोनने पकडलं असेल, ही शंका मिटली.

शेवटच्या दिवसाच्या ओळी मी पेन्सिल घेऊन वाचल्या. १३:५५ च्या ओळीपुढे आकार शून्य. १४:४१ च्या ओळीपुढे आकार. १५:२०, १६:३२, १७:०८, १७:३१, सगळ्यांपुढे आकार. म्हणजे मीटर १३:५५ नंतर आणि १४:४१ च्या आधी कधीतरी सुरू झालं होतं. आणि पॅकची मुदत भारतीय वेळेनुसार १४:२० ला संपणार होती!

घोळ इथेच होता. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. भारतातले १४:२० म्हणजे टोकियोतले १७:५०. परदेशी नेटवर्क आपल्या कंपनीला वापराची नोंद पाठवतं ती तिथल्या स्थानिक वेळेत, आणि सोबत ती वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे-मागे आहे हेही कळवतं. जपानसाठी ते +०९:००, आपल्यासाठी +०५:३०. हा फरक धरून वेळ बदलायची आणि मग पॅकच्या मुदतीशी ताडायची, हे बिलिंगचं काम. आमच्या बिलात जपानी १४:४१ थेट भारतीय १४:२० शी ताडलेले दिसत होते. प्रत्यक्षात भारतात तेव्हा ११:११ वाजले होते आणि पॅकचे तीन तास शिल्लक होते.

हे ओळखण्याची खूण लक्षात ठेवा: आकारलेली पहिली ओळ तिथल्या घड्याळात आपल्या मुदतीच्या वेळेनंतर लगेच येते, आणि मुदत संपल्याचा मेसेज मात्र बऱ्याच उशिरा आलेला असतो. पूर्वेकडच्या देशांत हा फटका बसतो. पश्चिमेला गेलात तर याच चुकीने उलट फायदा होईल, आणि त्याची तक्रार कोणी करत नाही म्हणा.

पुराव्याबद्दल एक बारीक गोष्ट. फोनमधल्या मेसेजची वेळ साधारणपणे फोन ज्या देशात असेल तिथल्या वेळेत दिसते. रांगेत उभं असताना मेसेजवर १७:५२ होते, घरी परतल्यावर तोच मेसेज १४:२२ दाखवत होता. म्हणून पॅक सुरू झाल्याचा आणि संपल्याचा, दोन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट परदेशातच काढा आणि पत्रात प्रत्येक वेळेपुढे 'जपान' की 'भारत' हे लिहा. नाहीतर तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध वाचला जातो.

पत्रात संताप, इतक्या वर्षांचा ग्राहक वगैरे काही घातलं नाही. ते वाचणारा माणूस ठरलेली उत्तरं चिकटवत असतो, त्याला चिकटवता येणार नाही असा प्रश्न विचारायचा. मुख्य मजकूर असा होता:

'महोदय, माझ्या बिलातील शेवटच्या दिवसाच्या पाच डेटा नोंदी (१४:४१ ते १७:३१) पॅकबाहेरील म्हणून आकारल्या आहेत. या वेळा जपानच्या स्थानिक आहेत. भारतीय वेळेनुसार त्या ११:११ ते १४:०१ येतात. पॅकची मुदत भारतीय वेळेनुसार १४:२० पर्यंत होती. आपले दोन्ही मेसेज सोबत जोडले आहेत. कृपया प्रत्येक नोंदीसोबत परदेशी नेटवर्कने पाठवलेला प्रमाणवेळेतील फरक लेखी कळवावा आणि आकारणी पुन्हा करावी. १७:३१ ची नोंद ३१ मिनिटांची असून तिचा शेवटचा भाग मुदतीनंतरचा आहे. तेवढ्या भागाचा आकार मला मान्य आहे. वाद नसलेली रक्कम मी मुदतीत भरत आहे. वादातील रकमेवर निर्णय होईपर्यंत विलंब शुल्क लावू नये व सेवा खंडित करू नये.'

१७:३१ च्या ओळीबद्दलचं वाक्य घरच्यांना पटलं नव्हतं. बिलात वेळ सेशन सुरू झाल्याची असते. ते सेशन १८:०२ पर्यंत चाललं, म्हणजे १७:५० नंतरची बारा मिनिटं खरोखरच पॅकबाहेर होती. हे आपणच आधी सांगितलं की त्या एका ओळीकडे बोट दाखवून अख्खी तक्रार फेटाळण्याची सोय राहत नाही.

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: 'तपासणी केली असता आकारणी योग्य आढळली.' प्रमाणवेळेतल्या फरकाबद्दल अवाक्षर नाही. मी नवीन तक्रार केली नाही, कारण नवीन क्रमांक मिळाला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. जुन्याच तक्रार क्रमांकावर वरच्या पातळीकडे दाद मागितली, आणि त्यात एकच वाक्य ठेवलं: 'विचारलेल्या फरकाचं उत्तर मिळालेलं नाही.' त्यानंतर बिलिंग विभागातून फोन आला. बोलणाऱ्या बाईंनी नोंदी उघडल्या, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, 'हो, ही वेळ तिकडचीच आहे.' जे कबूल केलंत ते ईमेलवर पाठवा, अशी विनंती मी तिथल्या तिथे केली.

चार ओळी पूर्ण वजा झाल्या, पाचवीचा थोडा भाग राहिला. रक्कम पुढच्या बिलात जमा दाखवली, पण ती जमा नीट तपासा. आमच्याकडे मूळ आकार परत आला आणि त्यावरचा कर तसाच राहिला होता, त्यासाठी पुन्हा लिहावं लागलं. परदेशी नोंदी काही वेळा उशिरा पोहोचतात, त्यामुळे एकाच प्रवासाचा वापर दोन बिलांत विभागून येऊ शकतो. दुसरं बिलही त्याच पेन्सिलीने वाचा.

निघण्यापूर्वी दोन कामं करून ठेवा. बिल खात्यातून आपोआप कापलं जात असेल तर ते परतल्यानंतरच्या बिलापुरतं बंद करा किंवा त्यावर मर्यादा घाला, कारण कापलेले पैसे परत मागणं हे न भरलेल्या पैशांवर वाद घालण्यापेक्षा अवघड असतं. आणि पॅकच्या अटींत 'दिवस' कसा मोजतात ते बघा. सुरू झाल्यापासून चोवीस तास की भारतातल्या मध्यरात्रीपर्यंत? दुसरा प्रकार असेल तर टोकियोत तुमचा दिवस पहाटे साडेतीनला बदलेल.