घसा की गळा? एकविसाव्या दिवशी उलगडलेले दुखणे

घसा दुखू लागल्याचा तो एकविसावा दिवस होता आणि त्या बाई माझ्यासमोर दुसऱ्यांदा बसल्या होत्या. त्यांचे वय 43. आठ दिवसांपूर्वी मी त्यांना तपासले होते आणि नोंदींमध्ये माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘ताप नाही. घसा स्वच्छ. टॉन्सिल सामान्य. आम्लाचा त्रास असावा.’ त्या अंदाजाने दिलेल्या गोळ्यांचा काहीही उपयोग झालेला नव्हता. त्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेला अमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्सही असाच वाया गेला होता.

साध्या सर्दीपडशातले घशाचे दुखणे बहुधा आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत ओसरते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे सुजलेला घसाही इतका काळ, तापाशिवाय आणि गळ्यातल्या गाठी न दुखता, एकसारखा त्रास देत राहत नाही. त्यामुळे दहा दिवस उलटले आणि अंगात ताप नसला की अँटिबायोटिक बदलून पाहण्यात अर्थ उरत नाही. प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागतात. ते मी पहिल्या भेटीतही विचारले होते. नाकातून घशात मागे चिकट स्राव उतरतो का, सकाळी उठल्यावर त्रास जास्त असतो का, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो का, दम्याचा स्टिरॉइडयुक्त पंप घेता का (तो घेऊन चूळ भरली नाही तर घशात बुरशी वाढू शकते), तंबाखू किंवा धूम्रपान आहे का, कोणती औषधे चालू आहेत. सगळ्याला उत्तर ‘नाही’ असेच आले. छातीत जळजळ होते का, यालाही त्यांनी ‘नाही’ म्हटले होते. तरीही मी आम्लावर बोट ठेवले, कारण जठरातील आम्ल घशापर्यंत येऊनही छातीत जळजळ न होणारे रुग्ण असतात. हे निदान फार सोयीचे आहे. ते खोटे ठरवणारी चाचणी साध्या दवाखान्यात नसते, आणि कारण सापडले नाही की हात आपोआप तिकडे वळतो. माझाही वळला.

त्या दिवशी त्या एक वाक्य सहज बोलून गेल्या, ‘‘डॉक्टर, आधी उजवीकडे दुखायचं, आता चार दिवसांपासून डावीकडे दुखतंय. कानापर्यंत ठणका जातो.’’

मी लिहिणे थांबवले. एकाच बाजूला टिकून राहिलेले दुखणे आणि त्याच बाजूच्या कानात ठणका, असे ऐकले की पहिली भीती कर्करोगाची असते, कारण घशाच्या, जिभेच्या मुळाच्या आणि कानाच्या संवेदना काही सामायिक मज्जातंतूंमधून वाहतात आणि घशातल्या गाठीची वेदना निरोगी कानात जाणवू शकते. पण बाजू बदलणारे दुखणे त्या चित्रात बसत नाही. गाठ आपली जागा सोडून पलीकडे जात नाही.

मी त्यांना म्हटले, ‘‘नेमकं कुठे दुखतं, ते एकाच बोटाने दाखवा.’’

त्यांनी तोंड उघडले नाही. तर्जनी कंठमण्याच्या दोन बोटे खाली, श्वासनलिकेच्या डाव्या बाजूला टेकवली आणि लगेच उचलली, कारण स्वतःच्या बोटाचा दाबही त्यांना सहन झाला नाही. त्या इतके दिवस ‘घसा दुखतो’ म्हणत होत्या, मी प्रत्येक वेळी बॅटरी घेऊन तोंडातच पाहत होतो, आणि दुखत होता तो गळा. मराठीत हे दोन शब्द वेगळे असूनही बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. त्यात आवंढा गिळताना दुखते म्हटल्यावर ऐकणाऱ्यालाही दुखणे घशाच्या आतच आहे असे वाटते. पण गिळताना स्वरयंत्राबरोबर थायरॉइड ग्रंथीही वर उचलली जाते. ती सुजलेली असेल तर प्रत्येक घोट दुखणारच.

मी त्यांच्या मागे उभा राहिलो, मान किंचित पुढे झुकवायला सांगितली आणि दोन्ही हातांची बोटे श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना हलकेच ठेवली. डाव्या बाजूचा भाग टणक आणि अतिशय दुखरा होता. उजवीकडे थोडा कडकपणा होता, पण दुखणे जवळजवळ नव्हते. पाण्याचा घोट गिळायला लावला तेव्हा तो दुखरा भाग बोटांखालून वर सरकला आणि खाली आला. लसिका ग्रंथीची गाठ अशी गिळण्याबरोबर हलत नाही, थायरॉइड हलते. त्वचा लाल किंवा गरम नव्हती. नाडी मिनिटाला 108 होती, आणि पुढे पसरलेल्या हातांच्या बोटांना बारीक थरथर होती. विचारल्यावर त्या म्हणाल्या, की पंधरवड्यापासून झोप लागत नाही, धडधडते आणि घाम फार येतो. घशाच्या तक्रारीशी याचा संबंध असेल असे त्यांना वाटले नव्हते आणि मीही पहिल्या भेटीत विचारले नव्हते. नाडीची नोंद मी केलेलीच नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

तापाबद्दलही मी पुन्हा विचारले, पण प्रश्न बदलून : शेवटची वेदनाशामक गोळी कधी घेतली? पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेतलेल्या माणसाचा ‘ताप नाही’ हा शब्द पुरेसा नसतो. त्यांनी आदल्या रात्रीनंतर काही घेतले नव्हते आणि तापमान 98.6 अंश होते. दुखणे सुरू होण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी त्यांना जोरदार सर्दी होऊन गेली होती. ती त्या विसरूनही गेल्या होत्या.

आता चित्र जुळत होते. विषाणूजन्य आजारानंतर काही आठवड्यांनी थायरॉइडला येणारी ही वेदनादायक सूज, म्हणजे सबअक्यूट थायरॉयडायटिस. ती स्त्रियांमध्ये जास्त दिसते, कान आणि जबड्याकडे ठणकते आणि पुष्कळदा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. अनेकांना सोबत बारीक ताप असतो, पण तो नसल्याने निदान खोटे ठरत नाही. तरी दोन गोष्टी मला बाजूला काढायच्या होत्या. ग्रंथीत पू झाला असता तर सहसा जोराचा ताप, लाल त्वचा आणि एका जागी खिळलेले दुखणे दिसले असते. ग्रंथीतल्या जुन्या गाठीत रक्तस्राव झाला असता तर दुखणे अचानक, एखाद्या क्षणी सुरू झाले असते. आणि तीन आठवडे झालेच होते, म्हणून हातमोजा घालून मी टॉन्सिल आणि जिभेचे मूळही चाचपले. घशातली कठीण गाठ कधी कधी डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. काही लागले नाही. आवाज बसलेला नव्हता, वजन थोडे कमी झाले होते पण भूक वाढलेली होती, आणि कान, नाक, घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिलेला घसा निर्दोष निघाला.

संध्याकाळी रक्ताचे अहवाल आले. शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर पहिल्या तासाला 84 मिलिमीटर, म्हणजे फारच वाढलेला. पांढऱ्या पेशी 9,200, म्हणजे सामान्य. थायरॉइडला कामाला लावणारा टीएसएच 0.02, जो साधारण 0.4 ते 4 असायला हवा, आणि थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक फ्री टी4 वाढलेले. सोनोग्राफीत ग्रंथीत धूसर कडांचे काळपट भाग होते आणि त्यांतला रक्तप्रवाह कमी होता.

इथे एक धोका असतो आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. नुसता थायरॉइडचा अहवाल पाहिला तर ‘हायपरथायरॉइड’ असे वाटते आणि कार्बिमाझोल लिहून दिले जाऊ शकते. कार्बिमाझोल नवीन संप्रेरक तयार होणे थांबवते. या आजारात ग्रंथी जास्त संप्रेरक तयार करत नसते. सुजेमुळे तिच्या पेशी फुटतात आणि आधीच साठलेले संप्रेरक रक्तात सांडते. त्यामुळे या औषधाचा उपयोग नाही, आणि अपाय मात्र होऊ शकतो. क्वचित त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात, आणि त्याचे पहिले लक्षण बहुधा घसा दुखणे हेच असते. घसा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला असे औषध दिले, तर खरा धोका उद्भवला तरी तो जुन्याच तक्रारीत दडून जाईल. म्हणून कार्बिमाझोल घेणाऱ्या कोणाचाही घसा दुखला, की ताप असो वा नसो, मी त्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी करायला लावतो. ग्रंथीचा आयोडीन शोषण स्कॅन काढला असता तर शोषण अगदी कमी दिसले असते. ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक तयार करते त्या ग्रेव्हज आजारात ते वाढलेले दिसते. पण इतकी दुखरी ग्रंथी आणि इतका ईएसआर समोर असताना मला तो आवश्यक वाटला नाही.

मी नाप्रोक्सेन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिले. दमा नाही याची खात्री त्याआधी केली होती. तीन दिवसांनी दुखणे निम्मेच कमी झाले होते, म्हणून साखर आणि रक्तदाब तपासून प्रेडनिसोलोन 30 मिलिग्रॅम सुरू केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की रात्री कूस बदलताना मान दुखली नाही. हा जलद आराम निदानाला पुष्टी देतो. दोन दिवसांत काहीच फरक पडला नसता तर मी निदानावरच पुन्हा शंका घेतली असती.

डोस हळूहळू उतरवताना 10 मिलिग्रॅमवर दुखणे परत आले. असे या आजारात होते, आणि घाई केली तर जास्त होते. डोस थोडा वाढवून मग अधिक सावकाश उतरवला. सगळे मिळून नऊ आठवडे लागले. त्यानंतर मी त्यांना सांगून ठेवले, की साठलेले संप्रेरक संपल्यावर ग्रंथी काही काळ सुस्त पडू शकते. दहाव्या आठवड्यात टीएसएच 14 झाला. थकवा आणि बद्धकोष्ठ होते, म्हणून लेव्होथायरॉक्सिनचा लहान डोस काही महिने दिला आणि नंतर बंद करून पाहिला. नवव्या महिन्यात, गोळी बंद असताना, टीएसएच 2.6 होता. काही रुग्णांमध्ये ग्रंथीची सुस्ती कायमची राहते आणि काहींना ती बऱ्याच काळानंतर येते, म्हणून त्या दर वर्षी एकदा ही तपासणी करून घेतात.